दोन्ही कामांत हुशार असलेल्यानेही एक काम का सोडावे?

आयातशुल्काची बातमी आली की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "जी वस्तू आपल्याकडे बनते, तीही चांगली बनते, ती बाहेरून कशाला आणायची?" प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर कॉमर्सच्या अभ्यासक्रमात 'तुलनात्मक लाभ' या नावाने असते. व्याख्या बहुतेकांना पाठ असते, पण आकडे समोर आले की निम्मा वर्ग नेमके उलटे उत्तर काढतो. दोष तुलनात्मक लाभाचा नसतो. त्याच्या आधीची पायरी, म्हणजे संधी खर्च, कच्ची राहिलेली असते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

## संधी खर्च म्हणजे काय सुटले याचा हिशेब

एखादी गोष्ट निवडताना तिच्यापायी जो सर्वांत चांगला दुसरा पर्याय सोडावा लागतो, त्याचे मोल म्हणजे संधी खर्च. संध्याकाळचे दोन तास आहेत. अभ्यास करता येईल, शिकवणी घेऊन पैसे मिळवता येतील किंवा झोप काढता येईल. तुम्ही अभ्यासाला बसलात. मग संधी खर्च किती? शिकवणीचे पैसे अधिक झोपेचे सुख, असे उत्तर अनेक जण देतात. ते चूक आहे. त्याच दोन तासांत शिकवणी आणि झोप दोन्ही होणार नव्हते, त्यामुळे दोन्ही 'सुटले' असे म्हणता येत नाही. उरलेल्या पर्यायांत तुम्हाला जो जास्त मोलाचा वाटत होता, तेवढाच मोजायचा.

ऐकायला सोपे वाटते, पण इथे भलेभले घसरतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोन संशोधकांनी १९९ जणांना एक प्रश्न विचारला. प्रश्न थोडक्यात असा: तुम्हाला एका गायकाच्या कार्यक्रमाचे फुकट तिकीट मिळाले आहे, ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसऱ्या गायकाचा कार्यक्रम आहे आणि तो तुमचा पुढचा उत्तम पर्याय आहे. त्याचे तिकीट ४० डॉलरला आहे आणि त्याच्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त ५० डॉलर मोजायला तयार असता. मग पहिल्या कार्यक्रमाला जाण्याचा संधी खर्च किती? पर्याय होते ०, १०, ४० आणि ५० डॉलर.

अपेक्षित उत्तर १० डॉलर. दुसऱ्या कार्यक्रमाला गेला असतात तर ५० डॉलरचा आनंद मिळाला असता, पण त्यासाठी खिशातले ४० गेले असते. निव्वळ फायदा १० चा, आणि तोच सुटला. हे उत्तर फक्त २१.६ टक्के लोकांनी दिले. चार चिठ्ठ्यांतून डोळे मिटून एक उचलली तरी बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते! व्याख्या थोडी वेगळी धरली तर इतर उत्तरांचेही समर्थन करता येते, असा आक्षेप पुढे काही अर्थतज्ज्ञांनी घेतला आणि त्यात तथ्यही आहे. तरी चुकांचा नमुना विद्यार्थ्याने पाहून ठेवण्यासारखा आहे. शून्य म्हणणारा 'फुकट' या शब्दाला भुलला. चाळीस म्हणणाऱ्याने न दिलेले पैसे गमावलेले धरले. पन्नास म्हणणारा, वाचलेले ४० वजा करायला विसरला.

आता कॉमर्सच्या विद्यार्थ्याला रोज भेटणारे उदाहरण. कोणी स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात धंदा करतो. भाडे द्यावे लागत नाही, म्हणून नफा-तोटा पत्रकात भाड्याची ओळच नाही. हिशेबनीस म्हणून तुम्ही बरोबर आहात. पण तोच गाळा भाड्याने देता आला असता, म्हणजे ते न मिळालेले भाडे हा धंद्याचा संधी खर्च आहे. वह्यांत नफा दिसतो आणि अर्थशास्त्राच्या हिशेबात तोटा निघतो, तो या फरकामुळे. उलट बाजूने, गाळ्याच्या रंगकामावर गेल्या वर्षी घातलेले आणि आता कशानेही परत न येणारे पैसे वहीत असतात, पण पुढच्या निर्णयात ते धरायचे नाहीत. त्याला बुडीत खर्च म्हणतात. धंदा चालू ठेवा की बंद करा, ते गेलेलेच आहेत.

## दोघे, दोन कामे, सहा तास

आता अनघा आणि राहुल अशी दोन काल्पनिक माणसे घेऊ. दोघांना आपापला प्रकल्प-अहवाल तयार करायचा आहे. त्यात दोनच कामे: पाने टाइप करणे आणि आकड्यांचे तक्ते बनवणे. दोघांकडे प्रत्येकी सहा तास आहेत. एका तासात कोणाचे किती काम होते ते असे:

| | पाने | किंवा तक्ते |
|---|---|---|
| अनघा | ६ | ६ |
| राहुल | ४ | २ |

अनघा दोन्ही कामांत सरस आहे. टाइपिंगमध्ये राहुलच्या दीडपट, तक्त्यांमध्ये तिप्पट. याला निरपेक्ष लाभ म्हणतात. आणि इथेच सुरुवातीचा प्रश्न उभा राहतो: अनघाने राहुलकडून काहीही का करून घ्यावे?

आधी दोघांनी एकट्याने काम केले तर काय होते ते पाहू. प्रत्येक जण तीन तास टाइपिंगला आणि तीन तास तक्त्यांना देतो. अनघाची १८ पाने आणि १८ तक्ते होतात, राहुलची १२ पाने आणि ६ तक्ते. दोघांचे मिळून ३० पाने, २४ तक्ते.

आता संधी खर्च काढू. अनघाला एक तक्ता बनवायला दहा मिनिटे लागतात आणि त्या दहा मिनिटांत तिचे एक पान टाइप झाले असते. म्हणजे तिच्या एका तक्त्याचा खर्च १ पान. राहुलला एका तक्त्याला अर्धा तास लागतो आणि अर्ध्या तासात त्याची दोन पाने झाली असती. त्याच्या एका तक्त्याचा खर्च २ पाने. तक्ता अनघाकडे स्वस्त आहे. पानाचे उलटे: अनघाला एका पानासाठी एक तक्ता सोडावा लागतो, राहुलला अर्धाच. पान राहुलकडे स्वस्त आहे.

ज्याचा संधी खर्च कमी, त्याला त्या कामात तुलनात्मक लाभ. टाइपिंगमध्ये राहुल अनघापेक्षा हळू आहे, तरी टाइपिंगचा तुलनात्मक लाभ त्याचाच. इथली 'तुलना' माणसामाणसाच्या वेगाची नाही, कोण काय सोडतो याची आहे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचे गणित आपसूक सुटते.

मग कामाची वाटणी बदलू. राहुल सहाही तास टाइप करतो: २४ पाने. अनघा एक तास टाइप करते: ६ पाने. उरलेले पाच तास ती तक्ते बनवते: ३० तक्ते. बेरीज करा. पाने आधीइतकीच ३०. तक्ते मात्र २४ चे ३० झाले. कोणी जास्त वेळ बसले नाही, कोणी नवे काही शिकले नाही, तरी सहा तक्ते जास्त आले.

हीच वाटणी उलटी करून पाहणे फार उपयोगाचे आहे, कारण पुस्तके ते सहसा करत नाहीत. अनघाने पाच तास टाइपिंग केले: ३० पाने. एक तास तक्ते: ६. राहुलने सहाही तास तक्ते केले: १२. एकूण ३० पाने आणि फक्त १८ तक्ते. एकेकट्याने केले होते त्याहूनही सहा कमी. 'विशेषीकरणाने उत्पादन वाढते' हे वाक्य उत्तरपत्रिकेत सर्रास लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. दिशा चुकली तर विशेषीकरणानेच उत्पादन घटते.

## वाढलेले सहा तक्ते कोणाचे?

एकूण वाढले, पण राहुलकडे आता नुसती पाने आहेत आणि अहवालाला तक्तेही हवेत. त्यामुळे अदलाबदल आली, आणि अदलाबदलीचा दर आला. देशांच्या बाबतीत याच दराला व्यापारशर्ती म्हणतात.

दर कुठे बसेल? राहुल स्वतः तक्ता बनवतो तेव्हा त्याची २ पाने जातात. अनघा एका तक्त्याला दोनपेक्षा जास्त पाने मागू लागली तर तो म्हणेल, "राहू दे, मीच करतो." अनघाला एक तक्ता बनवताना १ पान सोडावे लागते. राहुल एका पानापेक्षा कमी देऊ लागला तर ती तक्ता देणार नाही. म्हणजे दर १ आणि २ च्या मधेच असायला हवा. दोघांचे संधी खर्च म्हणजे दराच्या दोन भिंती.

समजा दीड ठरला. राहुल १२ पाने देतो आणि ८ तक्ते घेतो. त्याच्याकडे आता १२ पाने, ८ तक्ते. आधी तक्ते सहाच होते. अनघाकडे स्वतःची ६ आणि राहुलची १२ अशी १८ पाने, आणि ३० मधून ८ दिल्यावर २२ तक्ते. आधी १८ होते. दोघांचा फायदा झाला, पण सारखा नाही: राहुलला दोन, अनघाला चार. दर १.२ असता तर राहुलला त्याच १२ पानांत १० तक्ते मिळाले असते आणि फायद्याचे आकडे उलटले असते. दर बरोबर २ वर गेला तर राहुलला काहीच मिळत नाही, सहाही तक्ते अनघाचे.

व्यापार दोघांच्या फायद्याचा असू शकतो, एवढेच हा सिद्धान्त सांगतो. फायदा निम्मा-निम्मा वाटला जाईल असे तो कुठेही म्हणत नाही. वाटा ठरतो तो मागणी आणि सौदा करण्याच्या ताकदीवर. व्यापार-करारांच्या वाटाघाटी इतक्या लांबतात, त्यामागे बहुधा या दोन भिंतींमधल्या जागेचेच भांडण असते.

## रिकार्डोचे चार आकडे, आणि परीक्षेतला सापळा

हा विचार प्रसिद्ध केला तो डेव्हिड रिकार्डोने, १८१७ साली. त्याचे उदाहरण इंग्लंड आणि पोर्तुगालचे, कापडाचे आणि वाइनचे. ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइनसाठी १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये कापडाला ९० आणि वाइनला ८०.

सापळा इथे आहे. अनघा-राहुलच्या तक्त्यात 'एका तासात किती काम' दिले होते, तिथे मोठा आकडा चांगला. रिकार्डोने 'एका कामाला किती श्रम' दिले आहेत, इथे लहान आकडा चांगला. म्हणून गणित हातात घेतल्यावर पहिल्यांदा हे पाहा की आकडे उत्पादनाचे आहेत की लागणाऱ्या श्रमांचे. उत्पादनाचे असतील तर तक्त्याचा खर्च म्हणजे पाने भागिले तक्ते. श्रमांचे असतील तर भागाकार उलटतो: वाइनचा खर्च म्हणजे वाइनचे श्रम भागिले कापडाचे श्रम. इंग्लंडचा येतो १२० भागिले १००, म्हणजे १.२ कापड. पोर्तुगालचा ८० भागिले ९०, म्हणजे ०.८९ च्या आसपास. वाइन पोर्तुगालमध्ये स्वस्त, म्हणून कापड इंग्लंडने करावे, जरी पोर्तुगाल दोन्हींत कमी श्रमांत काम उरकत असला तरी.

उत्तर तपासायची सोपी खूण आहे. एका देशाला एका वस्तूत तुलनात्मक लाभ निघाला तर दुसऱ्या वस्तूत तो समोरच्याचाच निघायला हवा. तुमच्या उत्तरात दोन्ही वस्तू एकाच देशाच्या वाट्याला आल्या असतील तर तुम्ही निरपेक्ष लाभ काढून बसला आहात. फक्त एकच अपवाद: दोघांची गुणोत्तरे अगदी सारखी असतील, समजा राहुल तासाला ४ पाने किंवा ४ तक्ते करत असेल, तर तुलनात्मक लाभ कोणालाच नाही आणि या कारणासाठी अदलाबदल करण्यात अर्थ नाही.

## "दुबळ्याचे यात शोषणच होणार ना?"

ही शंका दोन्ही बाजूंनी येते. एक बाजू म्हणते, मागासलेला देश पुढारलेल्यासमोर टिकणार कसा? दुसरी म्हणते, तिथे मजुरी इतकी स्वस्त असताना आमचे कारखाने टिकणार कसे? दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याच उदाहरणात दोघांच्या तासाची किंमत मोजा. दर दीड असताना अनघाच्या एका तासाचे ६ तक्ते म्हणजे ९ पाने. राहुलचा तास ४ पानांचा. ती त्याच्या सव्वादोनपट कमावते. दर १ वर आला तर दीडपट, २ वर गेला तर तिप्पट. हेच दोन आकडे आधी भेटले होते: टाइपिंगमध्ये दीडपट वेग, तक्त्यांत तिप्पट. म्हणजे कमाईतला फरक उत्पादकतेतल्या या दोन फरकांच्या मधे बसतो. राहुलची कमाई कमी आहे कारण त्याचा वेग कमी आहे, आणि ती कमी आहे म्हणूनच त्याचे टाइपिंग घेणे परवडते. त्याची कमाई अनघाइतकीच ठरवून टाकली तर त्याच्याकडून कोणी काहीच घेणार नाही. पण अदलाबदल थांबवली म्हणून त्याची कमाई वाढत नाही, उलट दोन तक्ते जातात.

## "म्हणजे राहुलने जन्मभर टाइपिंगच करायचे?"

हा आक्षेप जास्त दमदार आहे. वरचे सगळे गणित आजच्या वेगांवर उभे आहे आणि वेग बदलतात. समजा राहुलने तक्त्यांचा सराव केला आणि तासाला ५ करू लागला, टाइपिंग ४ वरच राहिले. आता त्याच्या तक्त्याचा खर्च ०.८ पान, अनघाचा १. तक्त्यांचा तुलनात्मक लाभ त्याच्याकडे आला, जरी तो अजूनही दोन्ही कामांत तिच्यापेक्षा हळूच आहे! वाटणी उलटी करावी लागेल.

नव्या उद्योगांना काही काळ संरक्षण द्यावे, या मागणीत खरे बळ आहे ते एवढेच. पण सरावाचे तासही फुकट नसतात. त्या काळात सुटलेली पाने हा सरावाचा संधी खर्च, आणि तो नंतरच्या फायद्यातून भरून निघतो का, हे प्रत्येक उद्योगापुरते वेगळे मोजावे लागते. पाच वर्षांचे म्हणून दिलेले संरक्षण पंधरा वर्षे चालू राहिले तर तो आकडा वाढतच जातो, फक्त कोणाच्या वहीत दिसत नाही.

## हिशेब कुठे मोडतो

पहिली जागा, देवाणघेवाणीचा स्वतःचा खर्च. आपला सगळा फायदा सहा तक्त्यांचा, म्हणजे अनघाच्या बरोबर एका तासाचा. राहुलला काम समजावणे, त्याची पाने तपासणे, फाइली जुळवणे यात तिचा एक तास गेला तर फायदा शून्य. दोन तास गेले तर एकट्याने केलेले बरे होते. देशांमध्ये हीच जागा वाहतूक, विमा आणि शुल्क घेतात. म्हणूनच जड आणि स्वस्त वस्तू सहसा फार दूर जात नाहीत.

दुसरी जागा, रिकामे हात. राहुलकडे सहा तास आहेत पण त्याला दुसरे कामच नसेल, तर तक्ता बनवताना त्याचे काहीच सुटत नाही, संधी खर्च शून्य. बेकारी मोठी असताना पुस्तकातली गुणोत्तरे जशीच्या तशी लावता येत नाहीत ती यामुळे.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण अनघा हे एकच माणूस धरले, म्हणून तिने टाइपिंग कमी करून तक्ते वाढवले तरी फायदा तिचाच राहिला. देशात तसे नसते. तिथे टाइप करणारे वेगळे आणि तक्ते बनवणारे वेगळे. आयात सुरू झाली की देशाची बेरीज वाढते, पण टाइप करणाऱ्याचे काम जाते आणि वाढ तक्तेवाल्याच्या खिशात पडते. टाइप करणारा उद्या सकाळी तक्ते बनवू लागेल, असे गणित गृहीत धरते. प्रत्यक्षात त्याला वर्षे लागतात, कधीकधी ते जमतच नाही. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची भरपाई केली तरी काही उरेल, इतका एकूण फायदा असू शकतो. पण भरपाई आपोआप होत नाही, ती कोणाला तरी कर लावून आणि योजना आखून करावी लागते. आयातशुल्काच्या बातमीवर जो चिडतो, तो बहुतेक वेळा गणिताशी भांडत नसतो. बेरीज वाढली, पण माझ्या रकान्यात काय आले, एवढेच तो विचारत असतो.